खरी पावती संशयित, फिरवलेली पावती मंजूर: तपासणी सेवेबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
पावती तपासणी विभाग

विषय: दोन पावत्यांवरील चुकीचे शेरे आणि त्यावर मिळालेले असमाधानकारक उत्तर

महोदय,

आमच्या कर्मचाऱ्यांच्या खर्चाच्या पावत्यांचे फोटो मंजुरीआधी तुमच्या सेवेतून तपासले जातात. एकाच आठवड्यात तुमच्या प्रणालीने एक खरी पावती ‘फेरफार’ म्हणून अडवली आणि रक्कम फिरवलेली दुसरी पावती ‘अस्सल’ म्हणून पुढे पाठवली. दोन्ही फोटो सोबत जोडले आहेत. तुमच्या मदत कक्षाने उत्तरादाखल फक्त प्रणालीने दिलेले गुण पुन्हा कळवले, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आधी खरी पावती. ती थर्मल कागदावरची आहे, खिशात घडी होऊन आलेली, आणि घडी नेमकी एकूण रकमेच्या ओळीच्या वरून गेली आहे. प्रणालीचा शेरा होता, ‘एकूण रकमेजवळ कागदाचा पोत विसंगत’. पोत वेगळा दिसतो हे खरेच आहे. घडीच्या वरचा भाग प्रकाशाला तिरका आहे, त्यामुळे कागदाचा खरखरीतपणा उठून दिसतो; खालचा भाग प्रकाशासमोर सपाट आहे, म्हणून तो गुळगुळीत वाटतो. घडीवर कागदाचा लेप खरवडला जाऊन दोन अक्षरेही तुटली आहेत. पण हा फरक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे पाहायला हवे होते. तो कागदाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सलग जातो, कोऱ्या समासातूनही आणि छापील मजकुरातूनही. कोणी आकडा चिकटवला असता तर वेगळेपणा त्या आकड्याभोवतीच थांबला असता. कोऱ्या समासात फेरफार करायला कोण जाईल? आम्ही विक्रेत्याकडून पावतीची दुसरी प्रत मागवली आणि रक्कम तंतोतंत जुळली. तोवर आमच्या सहकाऱ्याचे पैसे अडकले होते आणि त्याच्या नावापुढे तुमच्या नोंदीत ‘फेरफार’ हा शब्द लागला होता. मला सर्वांत जास्त राग या शब्दाचा आहे. तो माणसाच्या प्रामाणिकपणावर ठेवलेला आरोप आहे, आणि आरोपाला पुरावा लागतो.

आता दुसरी पावती. तिच्यावर दोन वस्तू आहेत, ४५०.०० आणि ७५०.००. खाली बेरीज ७,२००.००, दहा टक्के कर १२०.०० आणि एकूण ७,३२०.००. ४५० आणि ७५० मिळून १,२०० होतात. १२० हा दहा टक्के करही १,२०० वरचाच आहे. म्हणजे बेरजेतला आणि एकूण रकमेतला पहिला १ पुसून तिथे ७ बसवला आहे. कराची ओळ बदलायची राहून गेली. हे पकडायला फोटोचे विश्लेषणसुद्धा लागत नाही, साधी बेरीज पुरते. तुमची प्रणाली पावतीवरून फक्त तारीख आणि एकूण रक्कम वाचते, आतल्या ओळींचा ताळा करत नाही, असे यावरून दिसते. वस्तूंच्या ओळी असलेल्या बीजकांनाही हेच लागू आहे.

फेरफार करणाऱ्याने कराची ओळही बदलली असती तर? तरीही ही पावती पकडता आली असती, आणि त्यासाठी कृपया जोडलेला फोटो मोठा करून पाहा. या पावतीच्या छपाईयंत्राचा एक तापबिंदू निकामी होता. त्यामुळे कागद पुढे सरकताना एका ठरावीक जागी छपाई होतच नाही आणि पावतीभर वरपासून खालपर्यंत एक बारीक पांढरी उभी रेघ उमटते. इथे ती शतकाच्या घरातून जाते: ४५० मधला ४, ७५० मधला ७, बेरजेतला २ आणि एकूण रकमेतला ३ या सगळ्यांना ती एकाच सरळ रेषेत चिरते. मात्र बेरजेच्या आणि एकूण रकमेच्या हजाराच्या घरातले दोन्ही ७ देखील तसेच चिरलेले आहेत. त्या घरात इतर कुठल्याही ओळीत अशी रेघ नाही. ७५० मधला ७ उचलून डावीकडे चिकटवला, तेव्हा त्याच्यावरची रेघही सोबत आली.

कागदाच्या रंगातही तोच मागमूस आहे. फोटो काढताना हाताची सावली पावतीच्या खालच्या भागावर पडली आहे आणि ती खाली जाताना हळूहळू गडद होते. ७५० ची ओळ उजेडात आहे, एकूण रक्कम सावलीत. चिकटवलेल्या ७ भोवतीचा इवलासा चौकोन मात्र उजेडातल्या कागदाचाच रंग घेऊन बसला आहे. पोताची विसंगती शोधायची तर ती इथे होती.

प्रणालीला हे का दिसले नाही, याचा मला अंदाज आहे. तुमच्या माहितीपत्रकानुसार ती फोटो पुन्हा सेव्ह करून कोणता भाग इतरांपेक्षा वेगळा बदलतो ते पाहते. जेपेग फोटो ८×८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबून साठवला जातो, आणि बाहेरून आणलेल्या तुकड्याचा दाबण्याचा इतिहास वेगळा असू शकतो, हे तत्त्व ठीक आहे. पण हा फोटो मेसेजिंग अॅपमधून आला आहे. अशी अॅप्स फोटो लहान करतात, सगळाच पुन्हा दाबतात आणि कॅमेऱ्याची माहिती काढून टाकतात. मग दोन्ही भागांतला फरक जवळपास पुसला जातो. उलट अस्सल फोटोतही ठळक काळी अक्षरे या तपासणीत कोऱ्या कागदापेक्षा जास्त उजळ दिसतात. अशा फोटोबद्दल प्रामाणिक उत्तर एकच असू शकते: ‘या फाइलवरून सांगता येत नाही, मूळ फोटो किंवा मूळ पावती मागवा.’ तुमच्या सेवेत असे उत्तर देण्याची सोयच नाही. काही सापडले नाही म्हणजे पावती अस्सल, असा शेरा ती देते, आणि मंजुरी देणारा माणूस त्यावर विसंबून सही करतो.

माझी पहिली मागणी आमच्या सहकाऱ्याच्या नोंदीबद्दल आहे. ‘फेरफार’ हा शेरा काढून टाका आणि तो चुकीने लागला होता हे आम्हाला लेखी कळवा. यापुढे प्रत्येक संशयाबरोबर फोटोतली नेमकी जागा खूण करून दाखवली पाहिजे आणि कारण एका वाक्यात सांगितले पाहिजे. नुसते गुण आम्हाला पडताळता येत नाहीत. ओळींची बेरीज आणि कराचा ताळा सर्वांत आधी व्हावा. ‘अस्सल’ हा शेरा तर बंदच करा, कारण फोटोवरून जास्तीत जास्त ‘फेरफार आढळला नाही’ एवढेच म्हणता येते.

हे बदल केव्हा होतील ते पंधरा दिवसांत कळवावे. तोपर्यंत तुमच्या शेऱ्यावर आम्ही कोणतीही पावती मंजूर किंवा नामंजूर करणार नाही, सर्व पावत्या आमची माणसे तपासतील. त्या काळाचे सेवाशुल्क आकारू नये.

आपली विश्वासू,
खर्च पडताळणी अधिकारी, लेखा विभाग

सोबत: दोन्ही पावत्यांचे फोटो, पहिल्या पावतीची विक्रेत्याकडून मिळालेली प्रत, मदत कक्षाचे उत्तर