जोडाक्षर दिसलं की तत्सम, हे मुलांना शिकवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात मुलीची व्याकरणाची वही हातात घेतली. तत्सम-तद्भव ओळखायचे होते. क्लासमधे त्यांना एक युक्ती सांगितलीय, शब्दात जोडाक्षर असेल तर तत्सम, नसेल तर तद्भव, आणि तिने तशीच उत्तरं लिहिली होती. ‘उन्हाळा’ तत्सम, ‘शरीर’ तद्भव, आणि दोन्हींवर बरोबरची खूण! दोन्ही चूक आहेत आणि ही युक्ती बऱ्याच मुलांच्या डोक्यात बसलेली असणार म्हणून हे पत्र.

‘शरीर’ संस्कृतात जसं आहे तसंच आपण उचललंय, म्हणून ते तत्सम, जोडाक्षर नसलं तरी. ‘उन्हाळा’ मात्र उष्णकाल वरून आला, उष्णचं प्राकृतात उण्ह झालं आणि आपल्याकडे ऊन, म्हणजे शब्द लोकांच्या तोंडातून झिजत झिजत आला आणि त्यात जोडाक्षर राहिलं एवढंच. ‘म्हैस’ पण तशीच, महिषीवरून. ‘रस्ता’ तर फारसी, त्याचा या दोन्ही खात्यांशी संबंधच नाही.

मग ओळखायचं कसं? आम्ही कोल्हापूरकडचे त्यामुळे मी तिला ऊसच घेऊन समजावलं. संस्कृत शब्द इक्षु. प्राकृतात त्याचं उच्छु झालं, मग मराठीत च्छ चा स झाला आणि आधीचा उ दीर्घ झाला की झाला ऊस. हा एकट्या उसाचा अपघात असता तर सोडून दिलं असतं, पण कुक्षिचं कुच्छि होऊन कूस झालं, मक्षिकेची माशी झाली, क्षेत्राचं शेत झालं, म्हणजे क्ष जाऊन स किंवा श येणं ही आपली जुनी वाट आहे. हिंदीत याच शब्दांचं ईख, कोख, मक्खी, खेत झालं, तिकडे ख आला. आपल्याकडेही काही शब्द ख च्या वाटेने आलेत हे पण तिला सांगितलं, कक्षची काख झाली आणि क्षीरची खीर, म्हणून क्ष चा स होतोच असा नियम पाठ करायचा नाही. पण शब्द अशा एखाद्या वाटेने बदलत आलेला दिसला की तो तद्भव. ‘क्षेत्र’ आणि ‘शेत’ दोन्ही आपण वापरतो, एकाच मुळाचे, पण क्षेत्र नंतर पुस्तकातून थेट घेतला आणि शेत पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यातून आलं.

घरच्या घरी करता येईल अशी एक परीक्षा पण आहे. शब्दाला ‘ला’ लावून बघा. फूल-फुलाला, ऊस-उसाला, गूळ-गुळाला, इथे दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं. पण दूत-दूताला, शरीर-शरीराला, तत्सम शब्दात दीर्घ तसंच राहतं. मात्र गरीब-गरिबाला असंही होतं आणि गरीब अरबी आहे, म्हणजे ऱ्हस्व झालं तर शब्द तत्सम नाही एवढंच कळतं, तद्भव म्हणायला मागे संस्कृत मूळ सापडायला हवं, आणि ते कृ. पां. कुलकर्णींच्या व्युत्पत्ति कोशात बघावं, अंदाजाने ठरवू नये. शिवाय ही परीक्षा फक्त शेवटून दुसरं अक्षर दीर्घ ई-ऊ असलेल्या शब्दांनाच लागू पडते, ‘हात’ किंवा ‘काम’ला ला लावून काही कळणार नाही.

उच्चारातूनही कळतं कधीकधी. ‘जन’ आणि ‘जण’ मोठ्याने म्हणून बघा. जनतेतला ज तालूवरचा, आणि ‘चार जण आले’ मधला ज दातांजवळचा, शिवाय न चा ण झालाय. मूळ एकच, पण जन तत्सम आणि जण तद्भव. ण दिसला की तद्भव असं मात्र मुलांनी परत पाठ करू नये कारण गुण, प्राण, कारण हे सगळे तत्समच आहेत.

हे सगळं सांगून झाल्यावर मुलीने विचारलं, बाबा मग साखर? शर्करा, प्राकृतात सक्करा, आणि मग साखर, म्हणजे तद्भव. तर म्हणाली, पण आजीच्या रिपोर्टवर ‘रक्तशर्करा’ लिहिलंय की! बरोबर आहे, चहात साखर आणि रिपोर्टात शर्करा, तिने वहीत दोन्ही शेजारी शेजारी लिहून घेतलंय.

आपला,
एक पालक, कोल्हापूर