टक्केवारी नको, मे महिन्यातले पाणी मोजा : पाणीपुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, पाणीपुरवठा व स्वच्छता,
महाराष्ट्र राज्य

मंत्री महोदय, सप्रेम नमस्कार.

जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली. २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घराला नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचे ठरले होते. पुढे केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ही मुदत २०२८ पर्यंत वाढवली गेली. मुदत वाढली याचे दुःख नाही. पण गावोगावच्या रखडलेल्या योजनांना पुन्हा जुन्याच अंदाजपत्रकावर नवी तारीख चिकटवली, तर २०२८ लाही आपण इथेच उभे असू. म्हणून हे पत्र.

नोकरीत मी पाणीपुरवठ्याच्या कामांची मोजमापे घेत असे आणि आता गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर आहे. आमच्या तालुक्यातल्या एका योजनेची आम्ही काही जणांनी मिळून तपासणी केली आणि ती पुन्हा उभी कशी राहील याचा आराखडा लिहून काढला. गावाचे, कंत्राटदाराचे नाव देत नाही. नावे बदलली तरी गोष्ट बहुतेक ठिकाणी हीच निघेल.

गाव २,४०० वस्तीचे. त्यातले २,००० लोक गावठाणात आणि ४०० दूरच्या दोन वाड्यांवर. योजना १ कोटी ९० लाखांची. विहीर, पंपघर, पाणी टाकीत चढवणारी ऊर्ध्ववाहिनी, उंच टाकी, वितरण नळ आणि घरोघरी तोट्या असे काम. आढावा बैठकीत ही योजना महिनोन्‌महिने "८० टक्के पूर्ण" अशी दिसते. कंत्राटदाराची १ कोटी ५२ लाखांची देयके नोंदली गेली आहेत. बहुतेक गल्ल्यांत नळ पुरले आहेत, कित्येक घरांसमोर तोटीही उभी आहे. पाणी मात्र एकाही तोटीला आलेले नाही.

हे असे का होते, ते मोजमाप पुस्तिका उघडली की कळते. नळ साइटवर उतरवून पुरले की त्यांची मोठी रक्कम लगेच मोकळी होते. विहिरीचे खोदकाम, वीजजोडणी, टाकीचा वरचा भाग या कामांत कटकट जास्त आणि पैसा उशिरा. साहजिकच नळ आधी आणि उगम शेवटी. टक्केवारी काढली जाते ती खर्चावरून, त्यामुळे कागदावर योजना धावताना दिसते. ज्या कामांशिवाय पाण्याचा एक थेंबही हलत नाही, ती त्या उरलेल्या २० टक्क्यांत अडकलेली असतात. योजना आजारी आहे हे ओळखण्याची आणखी एक खूण आम्हाला जुन्या इतिवृत्तांत सापडली. प्रत्येक बैठकीत उरलेल्या कामाला "आणखी तीन महिने" लागणार होते. तारीख पुढे जाते आणि उरलेला काळ तेवढाच राहतो, तेव्हा काम कुठे अडले आहे ते कोणी पाहिलेलेच नसते.

आम्ही तपासणी नळांपासून नाही, उगमापासून सुरू केली. विहिरीची क्षमता चाचणी मूळ योजनेत झाली होती, पण पावसाळा संपल्यावर लगेच. त्या दिवसांत आमच्याकडची कुठलीही विहीर भरलेलीच असते. आम्ही ती मे महिन्यात पुन्हा केली. तासाला १०,००० लिटर उपसणारा पंप सकाळी चार तास चालला आणि विहिरीने तळ दाखवला. दिवसभर झरा भरू दिला, तेव्हा संध्याकाळी आणखी दोन तास मिळाले. म्हणजे दिवसाला ६०,००० लिटर. २,४०० माणसांना ते वाटले तर माणशी २५ लिटर होतात, ५५ नाही. उद्या टाकी बांधून झाली, वीज आली, प्रत्येक तोटी जोडली गेली, तरी एप्रिल-मेमध्ये या गावात टँकरच येणार होता. काम कितीही वेगाने पूर्ण केले तरी हे बदलणार नव्हते.

वीजजोडणीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. कंत्राटदार म्हणे, अर्ज ग्रामपंचायतीने करायचा. ग्रामपंचायत म्हणे, ते काम पाणीपुरवठा उपविभागाचे. उपविभाग म्हणे, वीज कंपनीकडून कोटेशनच येत नाही. वीज कंपनीच्या कार्यालयात गेलो, तर तिथे अर्ज पडून होता, कारण विहिरीच्या जागेचा सातबारा ग्रामपंचायतीच्या नावावर नव्हता. जागा एका शेतकऱ्याने राजीखुशीने दिली होती. पण सातबाऱ्यावर त्याचे नावच नव्हते, त्याच्या वारलेल्या आजोबांचे होते. वारस नोंद झाली नाही म्हणून बक्षीसपत्र नाही, बक्षीसपत्र नाही म्हणून जोडणी नाही. जवळपास दोन कोटींची योजना एका फेरफारासाठी थांबली होती आणि आढावा पत्रकात त्या फेरफारासाठी रकानाच नव्हता. तिथे फक्त "वीजजोडणी : कार्यवाही सुरू" असे लिहिलेले.

मंत्री महोदय, आराखडा यानंतरच लिहिता आला, आणि त्यात सर्वांत अवघड काम होते व्याप्ती नव्याने ठरवण्याचे. पैसे कमी पडतात तेव्हा पहिली कुऱ्हाड लांबच्या वाड्यांवर पडते, आणि डोक्यावर हंडे सर्वांत जास्त तिथल्याच बाया वाहतात. आम्ही वाड्या वगळल्या नाहीत, वाड्यांपर्यंतचा नळ वगळला. कित्येक किलोमीटरचा, चढावरचा, चार दिवसांनी फुटणारा तो नळ टाकण्याऐवजी दोन्ही वाड्यांना कूपनलिका आणि सौरपंपाची स्वतंत्र छोटी योजना द्यावी असे सुचवले. ४०० माणसांना रोज २२,००० लिटर लागतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने जागा तपासून दिल्या तर एवढे पाणी दोन कूपनलिकांतून मिळू शकते. न मिळाल्यास तो प्रश्न वेगळा हाताळावा लागेल, पण ते आत्ता कळेल, तीन वर्षांनी नाही.

गावठाणाच्या २,००० माणसांना १ लाख १० हजार लिटर लागतात. गळती धरली तर विहिरींतून १ लाख ३० हजारांच्या आसपास उपसावे लागेल. जुन्या विहिरीचे मे महिन्यातले ६०,००० वजा जाता ७०,००० लिटरची तूट राहते. ती भरायला पाझर तलावाखालच्या बाजूला दुसरी विहीर हवी. पंपघराची संरक्षक भिंत, फाटक, रंगरंगोटी ही कामे आम्ही शेवटी ढकलली. हा बदल जुन्या मंजुरीत बसत नाही. त्याला सुधारित प्रशासकीय मान्यता लागते आणि तिची फाइल जिल्हा परिषदेतून वर जाऊन परत येईपर्यंत एक उन्हाळा सहज जातो. इथे आपल्याच आदेशाची गरज आहे. उगम कमी पडत असल्याचे उन्हाळ्यातल्या चाचणीने सिद्ध झाले, तर तेवढ्या बदलापुरती मंजुरी जिल्हा पातळीवर ठरावीक मुदतीत मिळावी.

तारखा आम्ही मोसमावरून बांधल्या. काळ्या मातीत पावसाळ्यात चर खणता येत नाही आणि विहीर खणायला पाणी खाली गेलेले लागते. त्यामुळे एकच "पूर्णत्वाची तारीख" देणे म्हणजे गावाला पुन्हा फसवणे. आमच्या आराखड्यात तीन तारखा आहेत. ३१ जानेवारीला जुन्या विहिरीचे पाणी नव्या टाकीतून गावठाणात सुटले पाहिजे. त्याआधी टाकी भरून ठेवून तिची पातळी पाहायची आणि नळांची दाबचाचणी गल्लीवार घ्यायची, कारण माती लोटून झाल्यावर गळती शोधणे हे रस्ता दुसऱ्यांदा फोडणे असते. ३१ मेला नव्या विहिरीची क्षमता चाचणी, गावकऱ्यांसमोर. आणि दिवाळीनंतर चर खणून डिसेंबरअखेर नवी विहीर टाकीला जोडलेली. मधल्या उन्हाळ्यात गावठाणाला माणशी जास्तीत जास्त ३० लिटरच मिळतील. ग्रामसभेत हे असेच सांगितले. लोक चिडतील असे वाटले होते. एका म्हाताऱ्या बाईंनी फक्त एवढेच विचारले, "तीस तर तीस, पण रोज येईल का?" हो म्हणता आले, कारण आकडा मेमध्ये मोजलेला होता.

जबाबदारीच्या पानावर "संबंधित विभाग" हे शब्द आम्ही कुठेच ठेवले नाहीत. वारस नोंद : तलाठी, १५ नोव्हेंबर. बक्षीसपत्र : ग्रामसेवक, ३० नोव्हेंबर. कोटेशनची रक्कम भरणे : उपअभियंता, कोटेशन आल्यापासून आठ दिवस. टाकीचा स्लॅब : कंत्राटदार, मोजमाप शाखा अभियंत्याचे. प्रत्येक ओळीला एकच माणूस, आणि त्याची बदली झाली तर येणाऱ्याने त्या पानावर सही करून काम हाती घ्यायचे. अडचण अशी की तलाठी महसूलचा, वीज कंपनी ऊर्जा खात्याची, ग्रामसेवक ग्रामविकासचा. यांतला कोणीही पाणीपुरवठा खात्याच्या अभियंत्याला उत्तर द्यायला बांधील नाही. या सगळ्यांना एका टेबलावर बसवण्याचा अधिकार जिल्ह्यात फक्त जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे आहे. म्हणून अडलेल्या प्रत्येक योजनेचे हे पान महिन्यातून एकदा त्यांच्यासमोर गेलेच पाहिजे.

आणि पैशांचे बोलल्याशिवाय यातले काहीच खरे होणार नाही. २०२५ मध्ये थकलेल्या देयकांसाठी राज्यभर कंत्राटदार रस्त्यावर उतरले होते. ज्याची जुनी रक्कम अडकली आहे, तो स्लॅबसाठी सिमेंट आणणार नाही, मग तारीख कोणीही लिहो. केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा वाटा उचलतात. केंद्राचा हप्ता लांबला तर राज्याने निदान उगम, वीज आणि टाकी या तीन कामांपुरता आगाऊ निधी द्यावा. उरलेली देयके खर्चावर नाही, पाण्याच्या टप्प्यांवर बांधावीत : टाकीत पाणी चढले की एक हप्ता, शेवटच्या गल्लीतल्या तोटीला पाणी आले की दुसरा, मेमधली चाचणी उतरली की तिसरा. कंत्राटदार मग आपणहून तलाठ्याच्या मागे लागेल.

माझी मागणी एवढीच आहे. राज्यातल्या प्रत्येक अपूर्ण योजनेची अशी तपासणी येत्या एप्रिल-मेमध्ये व्हावी, त्या उपविभागाबाहेरच्या अभियंत्याने आणि गावच्या समितीने मिळून ती करावी, आणि विहिरीतून रोज निघालेल्या पाण्याचा आकडा, तीन तारखा व जबाबदार माणसांची नावे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावीत. फेब्रुवारीत आदेश निघाला तरच हा उन्हाळा हाती लागेल. मार्च हिशेब मिटवण्यात जातो, आणि जूननंतर केलेली चाचणी पुन्हा भरलेली विहीरच दाखवील.

आपला,
ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा एक सदस्य