ते भुसावळचं स्थळ नको, पण कारण वेगळं आहे

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, हे पत्र आधी तुम्ही एकट्याने वाचा आणि मग आईला वाचून दाखवा, वहिनी घरात नसताना. फोनवर बोलायचं म्हटलं तर तुमचा स्पीकर चालू असतो आणि अर्धी गल्ली ऐकते.

भुसावळच्या त्या रेल्वेतून रिटायर झालेल्या गृहस्थांना नाही कळवून टाका. माणूस चांगलाच असणार, तुम्ही बघितलाय म्हणजे. तुम्हाला वाटेल की हिला अजून जावई विसरता येत नाहीत म्हणून नको म्हणते. तसं नाहीये. ह्यांची आठवण येते, खूप येते, पण नको म्हणायचं कारण ते नाही.

मला बायका आवडतात. म्हणजे मैत्रिणी म्हणून आवडतात तसं नाही, बाईला नवरा आवडायला हवा तसं. लिहिलं एकदाचं.

चोपन्नाव्या वर्षी हे कसं कळतं म्हणाल, तर एका दिवसात नाही कळलं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाने बिबडे करायला घेतले, पहाटे गच्चीवर सगळ्या जमायचो, ज्वारीचा घाटा गरम असतानाच ओल्या कापडावर थापायचा, हाताला चटके बसायचे. दुसऱ्या दिवशी सुनंदा कापड उलटं करून मागून पाण्याचा हबका मारायची आणि एकेक बिबडा न फाटता सोडवायची, आणि मी माझं काम सोडून तिच्या हाताकडे बघत बसायचे. ती ज्या दिवशी यायची नाही त्या दिवशी मला तिथे थांबावंसंच वाटायचं नाही, बाकीच्या आठ-दहा जणी असल्या तरी.

आधी वाटलं एकटेपणा आहे, मग वाटलं पाळी जाताना डोकं फिरतं म्हणतात ते असेल. पण एकटेपणा असता तर कुणाच्याही सोबतीने बरं वाटलं असतं ना? तुम्ही स्थळ सांगितलं तेव्हा मी खरंच विचार केला, त्या माणसासोबत चहा प्यायचा, दवाखान्यात जायचं, हे सगळं डोळ्यासमोर आणलं, तिथपर्यंत ठीक होतं. त्याने हात धरला असा विचार केला की अंग आकसलं. आणि मग आठवलं की ह्यांच्यासोबतही पंचवीस वर्षं असंच आकसायचं, फक्त मी त्याला लाज म्हणायचे.

हे वाईट नव्हते हो बाबा, कधी हात उगारला नाही, पगार आणून हातात द्यायचे. पण बायकांत विषय निघाला की सगळ्या हसून म्हणायच्या, कुणाला आवडतं गं ते, उरकायचं आणि झोपायचं. मला वाटलं सगळ्यांचंच असं असतं, त्यामुळे माझं काही वेगळं आहे हे कळायला जागाच नव्हती. त्यातल्या निम्म्या तर नवरा दोन दिवस गावाला गेला की कासावीस व्हायच्या, ते मात्र माझ्या लक्षात यायचं नाही.

एकदा ते कळल्यावर मागचं सगळं उलगडत गेलं. लताचंच घ्या. अखाजीला झोक्यावर आम्ही दोघी एकाच फळीवर उभ्या राहायचो, गाणी संपली तरी उतरायचो नाही. तिचं लग्न जमलं आणि मला ताप भरला, चार दिवस जेवले नाही, आई तू मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या, पोरले नजर लागनी म्हणालीस.

बाबा, तुम्ही म्हणाल डॉक्टरला दाखव. जागतिक आरोग्य संघटनेने हे १९९० सालीच आजारांच्या यादीतून काढलंय, म्हणजे १९९२ ला माझी हळद लागायच्याही आधी. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा नाही असं सांगितलं. दोन बायकांच्या लग्नाला मात्र कायद्यात जागा नाही, २०२३ ला कोर्टाने ते संसदेवर सोडलं. मला लग्न करायचंच नाहीये, त्यामुळे ती काळजी नको.

सुनंदाला मी काही बोललेली नाही. तिच्या मनात काय आहे मला माहीत नाही, कदाचित काहीच नसेल, आणि तरी माझं जे आहे ते आहेच. पुण्याला पोराला सांगायचंय, ते मी सांगेन, तुम्ही सांगू नका. दादाला सांगायचं की नाही हे तुम्ही दोघं ठरवा, तो चिडेल आणि मग दोन महिन्यांनी फोन करेल, त्याचं नेहमीचं.

आई, एक विचारायचंय. लताच्या बिदाईला तू माझं तोंड पदराने पुसलं आणि म्हणालीस, मैत्रिणीसाठी इतकं कुणी रडतं का गं, आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलीस. तुला तेव्हा काही समजलं होतं का? फोनवर नको सांगू, शनिवारी मी येतेच आहे.

तुमची,
मंगल