बायबॅकची रक्कम एकदा नव्हे, दोनदा मांडावी लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमळनेरात विप्रोचे शेअर घरोघरी आहेत, त्यामुळे बायबॅक हा शब्द इथे नवा नाही. विप्रोने 2023 मध्ये 445 रुपयांनी शेअर परत घेतले, तेव्हा कर कंपनीने भरला आणि भागधारकाच्या हाती आलेली रक्कम करमुक्त होती. तीच सवय अजून डोक्यात आहे. पण 1 ऑक्टोबर 2024 पासून नियम पार बदलला. 2025-26 च्या विवरणपत्रात त्यामुळे चूक होऊ नये, म्हणून हे पत्र.

या तारखेपासून 31 मार्च 2026 पर्यंतच्या बायबॅकमध्ये मिळालेली सगळी रक्कम लाभांश समजली जाते. त्यातून खरेदी किंमत वजा होत नाही. ती किंमत वाया मात्र जात नाही: भांडवली नफ्याच्या हिशेबात विक्री किंमत शून्य धरायची आणि खरेदी किंमत पूर्णच्या पूर्ण तोटा म्हणून दाखवायची. म्हणजे एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी, दोन वेगळ्या ठिकाणी.

इन्फोसिसने नोव्हेंबर 2025 मध्ये 1,800 रुपयांनी बायबॅक केला, तोच भाव धरू. समजा, कुणी 2016 साली 20 शेअर प्रत्येकी 1,000 रुपयांना घेतले, 2018 मध्ये एकास एक बोनसचे आणखी 20 आले आणि बायबॅकमध्ये 25 शेअर स्वीकारले गेले. रक्कम झाली 45,000. कंपनीने 10 टक्के टीडीएस कापला, 4,500 रुपये. बँकेत जमा झाले 40,500. पासबुक पाहून 40,500 लिहिणे ही पहिली चूक. ‘इतर उत्पन्न’ या सदरात 45,000 च दाखवायचे आणि 4,500 चे श्रेय वेगळे घ्यायचे. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपले एआयएस आणि फॉर्म 26एएस उघडून आकडा आधी जुळवून घ्यावा. उत्पन्न 20 टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह कर 9,360 होतो. टीडीएस वजा जाता 4,860 खिशातून भरायचे.

आता तोटा. डिमॅट खात्यात जो शेअर आधी आला तो आधी गेला असे धरतात. म्हणून 25 पैकी पहिले 20 विकत घेतलेले आणि उरलेले 5 बोनसचे. बोनसची खरेदी किंमत शून्य, तेव्हा दीर्घकालीन तोटा फक्त 20,000. सरासरी किंमत 500 काढून 25 ने गुणले तर 12,500 येतात. ते चूक आहे आणि त्यात आपलाच 7,500 चा तोटा दाखवायचा राहून जातो. उलट, जिथे जवळजवळ सगळे शेअर बोनसचेच होते तिथे तोटा नावापुरता आणि कर पूर्ण रकमेवर. अमळनेरच्या जुन्या भागधारकांनी अशा बायबॅकला होकार देण्याआधी हे पाहायलाच हवे होते.

शेअर 2018 पूर्वीचे असल्याने 31 जानेवारी 2018 चा भाव खरेदी किंमत म्हणून धरण्याचा मोह होतो. इथे तो उपयोगाचा नाही. त्या सूत्रात तो भाव आणि विक्री किंमत यांतली कमी असेल ती घेऊन मूळ खरेदी किमतीशी ताडायची आणि जास्त असेल ती धरायची असते. विक्री किंमतच शून्य, म्हणून मूळ 1,000 च राहतात.

हा 20,000 चा तोटा लाभांशातून वजा करता येत नाही. फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातून होतो. त्यातही एक मेख आहे. त्याच वर्षी दुसऱ्या शेअरवर, समजा, 90,000 चा दीर्घकालीन नफा असेल, तर तो सव्वा लाखाच्या आत असल्याने तसाही करमुक्तच होता. तरी तोटा आधी त्यातूनच वळता होतो आणि संपतो. कर एक पैसाही वाचत नाही. भागधारकावर हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे: खरा फायदा 25,000 चा, कर 45,000 वर आणि भरपाईचा तोटा असा हातातून निसटतो.

2026 च्या अर्थसंकल्पात 1 एप्रिल 2026 पासूनच्या बायबॅकसाठी पुन्हा भांडवली नफ्याची पद्धत मांडली गेली. ती नोव्हेंबर 2025 च्या रकमेला लागू नाही. ब्रोकरच्या नफा-तोटा पत्रकात 1,800 ही विक्री किंमत दिसली तर तिथे शून्य करून घ्यावे, नाहीतर त्याच पैशावर दोनदा कर बसेल.

विवरणपत्र आयटीआर-2 भरावे. आयटीआर-1 मध्ये तोटा पुढे नेता येत नाही. लाभांशाची नोंद केली असेल तरच हा तोटा मान्य होतो. तो पुढची आठ वर्षे वापरता येतो, पण विवरणपत्र मुदतीत गेले तरच. एक दिवस उशीर झाला तरी तो हक्क जातो.

आपला,
एक करसल्लागार, अमळनेर