गल्ला छापा, पण कोणता ते सांगून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण सर्वाधिक कमाई करणाऱ्या मराठी चित्रपटांची यादी छापली. यादी वाचनीय होती, पण २०१६ मधले चित्रपट आणि गेल्या दोन-तीन वर्षांतले चित्रपट एकाच रकान्यात एकाखाली एक बसवले होते. आकडा ग्रॉस आहे की नेट, याचा कुठे उल्लेख नव्हता. मी बरीच वर्षे एका वितरकाच्या कार्यालयात थिएटरांचे हिशेब तपासण्याचे काम केले. तिथे असा कागद कोणी टेबलावर ठेवला असता, तर आमच्या मालकांनी तो न वाचताच परत केला असता.

आधी एका तिकिटाचे पाहू. मल्टिप्लेक्सचे २५० रुपयांचे तिकीट नीट वाचले, तर त्यावर बारीक अक्षरांत फोड दिलेली असते : मूळ दर २११ रुपये ८६ पैसे, केंद्राचा जीएसटी १९ रुपये ७ पैसे, राज्याचा जीएसटी १९ रुपये ७ पैसे. प्रेक्षकाच्या खिशातून गेले ते २५० म्हणजे ग्रॉस. थिएटर आणि वितरक यांच्यात वाटायला उरले ते २११ रुपये ८६ पैसे म्हणजे नेट. मधले ३८ रुपये १४ पैसे या दोघांपैकी कोणाचेच नाहीत, ते सरकारचे. ॲपवरून तिकीट काढताना वर जे बुकिंग शुल्क भरावे लागते, ते ॲपवाल्याचे. ते ग्रॉसमध्येही धरत नाहीत. पॉपकॉर्नचे तर नाहीच नाही.

इथे बरेच जण एक घाईचा हिशेब करतात. कर १८ टक्के, म्हणून १०० कोटींच्या ग्रॉसमधून १८ कोटी वजा करून नेट ८२ कोटी लिहून मोकळे होतात. कर मूळ दरावर लागतो, एकूण रकमेवर नाही. त्यामुळे १०० ला १.१८ ने भागायचे. उत्तर येते ८४ कोटी ७५ लाख. पावणेतीन कोटी उगाच हवेत गेले! आणि हेही सगळी तिकिटे महाग असतील तरच. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून कर फक्त ५ टक्के आहे, त्याआधी १२ टक्के होता. तालुक्याच्या एकपडदा थिएटरात ८० रुपये मूळ दराचे तिकीट ८४ रुपयांना पडते. तिथे ग्रॉस आणि नेट यांत चारच रुपयांचे अंतर. म्हणजे जो चित्रपट गावाकडे जास्त चालतो, त्याचा ग्रॉस आणि नेट जवळजवळ असतो, आणि जो पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्सांत चालतो, त्याचे दोन्ही आकडे एकमेकांपासून लांब जातात. सगळ्यांना एकच टक्का लावून चालत नाही.

आता आपल्या यादीकडे वळतो. २९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ आला आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. त्या वेळी महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला करमणूक कर माफ होता. १५० रुपयांचे तिकीट विकले गेले की सगळे १५० रुपये वाटपासाठी हाती राहत. ग्रॉस आणि नेट जवळपास एकच, त्यामुळे कोणता आकडा छापला याने फारसे बिघडत नसे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ही माफी संपली. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला सुरुवातीला २८ टक्के कर होता. त्याच १५० रुपयांतून नेट उरू लागले ११७ रुपये १९ पैसे. १ जानेवारी २०१९ पासून दर १८ टक्क्यांवर आला, तेव्हा ते १२७ रुपये १२ पैसे झाले. तिकीट तेच, खुर्ची तीच, थिएटरही तेच, पण वाटायची रक्कम दोन वेळा बदलली. म्हणून २०१६ च्या चित्रपटाशेजारी आजच्या चित्रपटाचा ग्रॉस लावला, तर आजचा चित्रपट कराच्या रकमेएवढा फुगून दिसतो. आपल्या यादीत नेमके हेच झाले असावे असे मला वाटते. तिकिटांचे दर या काळात किती वाढले, तो विषय वेगळाच. किती माणसांनी चित्रपट पाहिला हे जाणून घ्यायचे असेल, तर विकलेल्या तिकिटांची संख्या हवी, आणि ती आपल्याकडे फारसे कोणी जाहीर करत नाही. फ्रान्समध्ये चित्रपटाचे यश तिकिटांच्या संख्येवरच मोजतात. दक्षिण कोरियात तर सरकारी चित्रपट परिषद रोजची प्रेक्षकसंख्या आणि कमाई दोन्ही लोकांसमोर ठेवते.

‘टॅक्स फ्री’ या शब्दानेही वाचकांचा बराच गोंधळ होतो. जीएसटीच्या काळात राज्याच्या हातात फक्त स्वतःचा अर्धा वाटा असतो. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्राने ‘तान्हाजी’ला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये गोव्याने ‘छावा’ला सवलत दिली, ती या राज्याच्या वाट्यापुरती. केंद्राचा वाटा लागतोच. थिएटरने राज्याचा कर प्रेक्षकाकडून घ्यायचा नाही, अशी यामागची कल्पना. मग २५० रुपयांचे तिकीट २३० रुपये ९३ पैशांचे होते. गंमत अशी की नेट मात्र तेच राहते, २११ रुपये ८६ पैसे. म्हणजे सवलत मिळालेल्या चित्रपटाचा ग्रॉस तेवढ्याच प्रेक्षकांत कमी दिसतो आणि ग्रॉसवर लावलेल्या यादीत तो खाली घसरतो. प्रेक्षक तेवढेच आले, वितरकाला पैसेही तेवढेच मिळाले, तरी ‘मागे पडला’ अशी बातमी होते.

नेटच्या पुढे अजून एक पायरी आहे, आणि निर्मात्याला खरी गरज तिचीच : शेअर, म्हणजे वितरकाच्या हाती येणारी रक्कम. २००९ मध्ये हिंदी निर्मात्यांनी दोनेक महिने मल्टिप्लेक्सना नवे चित्रपट दिले नव्हते. त्या भांडणातून वाटपाचे टक्के ठरले : पहिल्या आठवड्यात नेटच्या ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. एकपडदा थिएटरची पद्धत वेगळी. तिथे पुष्कळदा आठवड्याचे भाडे ठरलेले असते. थिएटरवाला ते आधी कापून घेतो आणि उरले तर वितरकाला देतो. पडेल चित्रपटाच्या दुसऱ्या आठवड्यात काही उरतच नाही.

एक चित्रपट धरून चालू. समजा, सगळी विक्री मल्टिप्लेक्समधली आणि शंभरवरच्या तिकिटांची आहे. पहिल्या आठवड्याचा ग्रॉस १० कोटी, दुसऱ्याचा ३ कोटी. पोस्टरवर झळकते ‘१३ कोटी’. नेट होते पहिल्या आठवड्याचे ८ कोटी ४७ लाख आणि दुसऱ्याचे २ कोटी ५४ लाख. शेअर पहिल्याचा ४ कोटी २४ लाख, दुसऱ्याचा १ कोटी ८ लाख, एकूण ५ कोटी ३२ लाख. यातून वितरकाचे कमिशन, प्रसिद्धीचा खर्च आणि थिएटरांच्या डिजिटल प्रक्षेपणासाठी द्यावे लागणारे शुल्क वजा जाते. मग उरते ते निर्मात्याचे. हा चित्रपट ५ कोटींत बनला असेल, तर पोस्टर पाहून कोणीही म्हणेल की अडीचपट कमावले. निर्माता मात्र अजून स्वतःचे पैसे परत येण्याची वाट बघत असतो, आणि त्याची सगळी भिस्त टीव्ही व ओटीटीच्या हक्कांवर असते.

आकडे येतात कुठून, तेही सांगायला हवे. थिएटर वितरकाला रोज हिशेब पाठवते, त्याला आम्ही डीसीआर म्हणतो. त्यावर प्रत्येक खेळाची, प्रत्येक दराची तिकिटे, कर आणि नेट असे सगळे मांडलेले असते. मल्टिप्लेक्सचे आकडे झटपट येतात. लहान गावांतल्या थिएटरांचे मागाहून येतात, तेही फोन केल्यावर. पण बातमी तर रात्रीच लागते! मग बुकिंगच्या ॲपवर भरलेल्या खुर्च्या मोजून अंदाज बांधला जातो. ॲपवर राखाडी दिसणारी खुर्ची विकलीच गेलेली असते असे नाही. ती थिएटरने अडवून ठेवलेली असू शकते, कोणी घाऊक घेतलेली असू शकते. एकावर एक मोफत अशा योजनांत फुकटच्या तिकिटाचे पैसे निर्माताच भरत असेल, तर तेही गल्ल्यात पूर्ण दराने धरले जाते. शुक्रवारी ॲपवर हाउसफुल्ल आणि प्रत्यक्षात निम्मे थिएटर रिकामे, असा प्रकार दिसला की डीसीआर येईपर्यंत आम्ही तो आकडा वहीत लिहीत नसू.

प्रदेशाचाही घोळ आहे. चित्रपटधंद्याच्या नकाशात महाराष्ट्र एकसंध नाही. मुंबई सर्किटमध्ये पश्चिम महाराष्ट्राबरोबर गुजरात आणि गोवाही येतो, विदर्भ सीपी-बेरार सर्किटमध्ये आणि मराठवाडा निजाम सर्किटमध्ये मोजला जातो. ही संस्थानी आणि इंग्रजी काळातली विभागणी धंद्यात अजून चालते. ‘मुंबईचा आकडा’ असे कोणी सांगितले, तर तो शहराचा की सर्किटचा, हे विचारल्याशिवाय छापू नये. त्यात हिंदीचा धंदा पूर्वापार नेटमध्ये बोलतो, दक्षिणेतला बहुधा ग्रॉस किंवा शेअरमध्ये, आणि निर्मात्यांची पोस्टरे हल्ली ‘वर्ल्डवाइड ग्रॉस’मध्ये, कारण तो आकडा सगळ्यांत मोठा. हिंदी आणि तेलुगू चित्रपटांची तुलना करणाऱ्या बातम्या वाचताना हे लक्षात ठेवले, तर निम्मी भांडणे उरत नाहीत.

दोन ठिकाणी एकाच चित्रपटाचे वेगवेगळे आकडे दिसले, तर एक साधी तपासणी करता येते. मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागावे. उत्तर १.१८ च्या आसपास किंवा थोडे कमी आले, तर फरक केवळ कराचा आहे, दोन्ही आकडे खरे असू शकतात. उत्तर त्याहून बरेच जास्त आले, तर त्यात परदेशातला गल्ला मिसळला आहे किंवा कोणीतरी फुगवले आहे. जुलै २०१७ ते डिसेंबर २०१८ या काळातला चित्रपट असेल, तर अर्थात १.२८ ची मर्यादा धरावी.

माझी विनंती एवढीच आहे. कमाईचा आकडा छापताना त्यापुढे ग्रॉस, नेट की शेअर, भारतातला की जगभरातला, आणि कोणी कळवला, हे एका ओळीत द्यावे. १ जुलै २०१७ च्या आधीचे मराठी चित्रपट यादीत असतील, तर सर्व चित्रपटांचे नेट आकडे घ्यावेत. निर्मात्याकडून नुसतेच ‘२० कोटी’ असे पोस्टर आले, तर ‘ग्रॉस की नेट ते कळवलेले नाही’ असे खाली छापावे. पुढच्या वेळी ते कळवतील.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर