आधी आधार, मग बँक

मा. संपादक,
स. न.

लग्नानंतरच्या नावबदलाविषयीचे कालच्या पुरवणीतले मार्गदर्शन वाचले. ‘सर्वप्रथम बँकेत नाव बदलून घ्यावे’ हा त्यातला सल्ला वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या सुनेला तिच्या कार्यालयातल्या माणसाने हेच सांगितले होते. विवाह नोंदणीचा दाखला दाखवताच बँकेने खात्यावर नवे नाव चढवले. आधार, पॅन आणि भविष्य निर्वाह निधीचा यूएएन मात्र माहेरच्या नावावरच राहिले. पुढे नोकरी सुटल्यावर पीएफचा अर्ज केला, तो फेटाळला गेला. यूएएनवरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळत नाही, हे कारण. आपल्याकडे नुसते आडनाव बदलत नाही, वडिलांच्या जागी नवऱ्याचेही नाव येते. तीनपैकी दोन शब्द बदलल्यावर संगणकाने ही बाई तीच आहे, हे कशावरून ओळखायचे?

क्रम असा हवा: आधी आधार, कारण पुढचे सगळे त्याच्याशीच पडताळून पाहतात. ते हाती आले की पॅन. त्यानंतर बँक आणि यूएएन लागोपाठ. पीएफ काढायचा असेल किंवा विवरणपत्र भरायचे असेल, तर ते आधी उरकावे किंवा चारही नावे एक झाल्यावरच हात घालावा. पॅन आणि आधारवर वेगवेगळी नावे असली की जोडणी अडते, आणि पॅन निष्क्रिय झाले तर टीडीएस चढ्या दराने कापला जातो.

आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, हे तुमच्या लेखात कुठेच नाही. सुनेच्या आधारवर नवऱ्याचे नाव केंद्रात `Dipak` असे टंकले गेले. त्याच्या स्वतःच्या सगळ्या कागदांवर `Deepak` आहे. मराठीत दोन्ही ‘दीपक’च, त्यामुळे पावती बघताना कोणाच्या लक्षात आले नाही. ते दुरुस्त करण्यात दुसरी संधीही गेली. पावतीवरचे इंग्रजी अक्षर न् अक्षर तपासूनच सही करावी.

पॅनच्या अर्जात विवाहितेनेही वडिलांचेच नाव लिहायचे असते. तिथे नवऱ्याचे नाव लिहून किती जणी अडकतात! ‘अर्ज काळजीपूर्वक भरावा’ एवढ्या एका ओळीवर लेखकाने ते भागवले आहे.

आणखी एक. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, तरी तुमच्या लेखाचा मथळा ‘नाव बदलणे आवश्यक’ असा आहे. ज्या मुलींना माहेरचेच नाव ठेवायचे आहे त्यांना घरचे लोक आता हेच कात्रण दाखवतील.

तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होईल. त्याआधी कृपया दुरुस्ती छापावी, आणि तीही त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे.

आपली,
एक वाचक, सातारा