चि. अमोल यास

निपाणी

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

तू न जेवताच पुण्याच्या गाडीत बसलास. फोनवर पुन्हा वाद नको म्हणून लिहिते. दारूचा विषय काढणार नव्हते, पण आदल्या रात्री मशीनवर ११८/७६ दाखवून "बघ आई, घेतल्यावर उलट कमीच होतं" म्हणालास, ते मनातून जात नाही.

आकडा खरा होता. दारूने रक्तवाहिन्या सैल पडतात, म्हणून भरपूर घेतली की काही तास बीपी उतरतं. अंमल ओसरला की दुसऱ्या दिवशी तेच वर जातं. सकाळी तुझं १४८/९४ आलं ना?

त्यात सिगारेट आणि कडक चहाही होता, हे मला कळतं. निकोटिनने नाडी धावते, वाहिन्या आवळतात. साधारण अर्ध्या तासात ते ओसरतं. म्हणूनच दवाखान्यात रांगेत बसून मोजलं की चांगलं येतं आणि दिवसभर ओढणाऱ्याचं खरं बीपी लपून राहतं. पुढे वाहिन्या कडक होतात ते वेगळंच. तुझे बाबा वखारीतून आले की सदऱ्याला तंबाखूची धूळ असायची. अंगणात सदरा झटकल्याशिवाय तुला उचलून घेत नसत. त्यांनी कधी बिडी ओढली नाही, आणि तू... जाऊ दे.

चहा-कॉफीवरून मी बोलणार नाही. कॅफीनने दोन-तीन तास थोडं चढतं, कॉफीने जास्त, पण रोजची सवय असलेल्याला फारसं जाणवत नाही. वर्षानुवर्षं चहा घेतल्याने बीपीचा आजार जडतो असं नाही.

तुला अर्धा तास गप्प बसवून पुन्हा मोजलं तेव्हा १३८/८८ होतं. सिगारेटचा भाग उतरला, चहाचा थोडा अंश उरला असेल. पण बाकीचं कुठून आलं? दारू रोजची झाली की बीपी कायमचं वर राहतं, याचीच मला धास्ती आहे. कमी केली तर काही आठवड्यांत उतरतंही. चाळिशीही झाली नाही तुझी.

पुन्हा तेच लिहिलं, रागावू नकोस. इतकी वर्षं आरोग्य केंद्रात लोकांना हेच सांगत आले, सवय जात नाही. तू मोठ्या हुद्द्यावर गेलास तेव्हा गल्लीभर पेढे वाटले मी. तुला लहान समजत नाही.

एवढं कर. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोज. आधी अर्धा तास सिगारेट, चहा, कॉफी नको. लघवीला जाऊन ये, पाठ टेकून पाच मिनिटं बस, हात छातीच्या उंचीला टेकव. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोज, दोन्ही आकडे लिही आणि आदल्या रात्री घेतली असेल तर तेही लिही. लपवू नकोस. सरासरी १३५/८५ च्या वर गेली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मला फोटो पाठव.

तुझी,
आई